‘कान्सेला’ की ‘कान्सेले’: यंत्राचं स्पॅनिश दुरुस्त करताना

पणजीच्या फोंतेन्यासमधल्या एका जुन्या घराचं गेस्टहाऊस झालंय. त्यांच्या वेबसाईटचं स्पॅनिश भाषांतर यंत्राने केलेलं होतं आणि ते तपासून दुरुस्त करायचं काम एका एजन्सीमार्फत माझ्याकडे आलं. या कामाला शब्दामागे मिळणारा दर स्वतंत्र भाषांतरापेक्षा कमीच असतो, ते मी धरूनच चालते. फोंड्यात घरी बसून काम करता येतं, हे बरं. पण त्या एजन्सीच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये जे अडकलं, त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

बहुतेक मजकूर सरळ होता. खोल्यांची वर्णनं, नाश्त्याच्या वेळा, नकाशा हे सगळं पटापट झालं. अडकलं ते आरक्षण रद्द करण्याच्या नियमांत. मूळ इंग्रजी वाक्य असं, की येण्याच्या ४८ तास आधीपर्यंत तुम्ही तुमचं आरक्षण रद्द करा, आम्ही पैसे परत करू. यंत्राने सुरुवात केली ‘कान्सेला सु रेसेर्वा’ अशी आणि पुढे पैसे परत करण्याच्या भागात ‘ते रेएम्बोल्सारेमोस’ लिहिलं.

इथे काय बिघडलंय ते मराठी माणसाला चटकन कळेल, कारण आपल्याकडेही तू आणि तुम्ही आहे. स्पॅनिशमध्ये जवळिकीचं ‘तु’ आणि आदराचं ‘उस्तेद’. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द, त्यामुळे यंत्राला मूळ मजकुरातून काहीच खूण मिळत नाही आणि ते एकेक वाक्य वेगळं धरून स्वतःच ठरवतं. आधीच्या परिच्छेदात पाहुण्याला ‘उस्तेद’ म्हटलंय हे त्याला पुढे आठवेलच असं नाही. ‘कान्सेला’ हे तू-वालं आज्ञार्थी रूप, ‘सु’ हे आदराचं ‘तुमचं’, आणि ‘ते’ म्हणजे पुन्हा ‘तुला’. एकाच वाक्यात दोनदा कोलांटी. मी ते ‘कान्सेले सु रेसेर्वा’ आणि ‘ले रेएम्बोल्सारेमोस’ असं केलं.

एजन्सीच्या तपासनिसाने माझी दुरुस्ती नाकारली. शेरा काय? ‘शैली, वैयक्तिक पसंती’. फॉर्ममध्ये प्रत्येक बदलाला एक प्रकार आणि एक गांभीर्य निवडावं लागतं: किरकोळ, मोठी, गंभीर. पसंतीचे बदल मान्यच होत नाहीत, उलट विनाकारण बदल केला म्हणून आपले गुण कापले जातात. मी उत्तर लिहिलं, परत तोच शेरा. तिसऱ्याच कुणीतरी फाईल उघडली, त्यांनीही तेच. प्रत्येक फेरीत आधीचं स्पष्टीकरण कुणी वाचलेलंच नसायचं, आणि तोवर बिल थांबलेलं.

मग मी आदराच्या रूपांचा मुद्दा सोडला आणि अर्थावर आले. ‘कान्सेला’ हे रूप तू-वाल्या आज्ञार्थाचं आहे, तसंच ते ‘तो रद्द करतो’ या साध्या वर्तमानकाळाचंही आहे. आणि ‘सु’ म्हणजे तुमचं, त्याचं, तिचं, त्यांचं, काहीही. ‘कान्सेला’ आणि ‘सु’ एकत्र आल्यावर स्पॅनिश वाचकाच्या डोक्यात पहिला अर्थ येतो तो ‘तो त्याचं आरक्षण रद्द करतो’. कोण रद्द करतो? गेस्टहाऊसचा मालक? पैशांच्या नियमात अशी शंका येणं ही शैलीची गोष्ट उरत नाही. मी प्रकार बदलून ‘अर्थ’ निवडला, गांभीर्य ‘मोठी’, खाली हे दोन्ही अर्थ मराठीत नाही, इंग्रजीत उलटे भाषांतर करून शेजारी शेजारी ठेवले, आणि त्याच पानावरची ‘उस्तेद’ वापरणारी वाक्यं त्यांच्या क्रमांकांसह जोडली. तेव्हा दुरुस्ती मान्य झाली. हा मार्ग पहिल्याच दिवशी कुणी सांगितला असता तर किती बरं झालं असतं!

ही चूक डोळ्याने पकडायची एक खूण आहे. स्पॅनिश क्रियापदांचे तीन गट. ज्यांचं मूळ रूप ‘-आर’ने संपतं, त्यांची तू-वाली आज्ञा ‘आ’ने आणि आदराची ‘ए’ने संपते: कान्सेला, कान्सेले. ‘-एर’ आणि ‘-ईर’वाल्यांत नेमकं उलट: ‘बेबे’ म्हणजे पी, ‘बेबा’ म्हणजे प्या. त्यामुळे नुसता शेवटचा स्वर बघून भागत नाही, क्रियापद कुठल्या गटातलं ते माहीत हवं. सर्वनामं मात्र शोधपट्टीत सापडतात. मी आदराचं पान तपासताना हे टाकते:

```
\b(tú|tu|tus|te|ti|contigo|tuy[oa]s?|os|vosotr[oa]s|vuestr[oa]s?)\b
```

यातून तू-वाले आणि मुख्यतः स्पेनमध्ये चालणारे ‘वोसोत्रोस’चे, म्हणजे अनेकांना जवळिकीने म्हटलेल्या ‘तुम्ही’चे, तुकडे वर येतात. आज्ञार्थ यात येत नाहीत. ते बहुधा वाक्यांच्या सुरुवातीला बसलेले असतात, म्हणून प्रत्येक वाक्याचे फक्त पहिले शब्द वाचत खाली उतरायचं.

लिंगाच्या चुका वेगळ्या कारणाने होतात. आपलं भाषांतराचं सॉफ्टवेअर पूर्णविरामाला मजकूर तोडतं. एका तुकड्यात ‘वरची खोली’, पुढच्या तुकड्यात ‘ती स्वच्छ आणि शांत आहे’. इंग्रजीत तिथे नपुंसक सर्वनाम, म्हणून यंत्राने पुल्लिंगी ‘लिंपिओ’ आणि ‘त्रांकिलो’ लिहिलं. खोली म्हणजे ‘आबितासिओन’, स्त्रीलिंगी, तेव्हा ‘लिंपिया’ आणि ‘त्रांकिला’ हवं. ज्या वाक्यात नाम नाही, तिथे मागे जाऊन नाम शोधायचं. स्वागताच्या ओळीत यंत्र पुल्लिंगी ‘बिएनवेनिदो’ देतं. पाहुणी बाई असेल तर? ‘ले दामोस ला बिएनवेनिदा’, म्हणजे आम्ही तुमचं स्वागत करतो, असं केलं की पाहुण्याचं लिंग मध्ये येतच नाही.

गोव्यात याच मुद्द्यावर आणखी एक अडचण येते. मालकांच्या आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. त्यांनी प्रेमाने पानं वाचली आणि ‘ला लेचे’ला हरकत घेतली, कारण पोर्तुगीजमध्ये दूध पुल्लिंगी आहे. स्पॅनिशमध्ये ते स्त्रीलिंगी. मीठही तसंच. प्रवास आणि पूल यांचं बरोबर उलट: पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी, स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी. मी आजींना शब्दकोशातली पानं दाखवली आणि त्यांना ते पटलं. पोर्तुगीज येत असल्यामुळे स्पॅनिश सोपं जातं हे खरंच, पण लिंग शब्दागणिक तपासावं.

वाक्प्रचारांत ठळक विनोदी चुका यंत्र आता फारशा करत नाही. धोका असतो तो व्याकरणाने बरोबर असलेल्या वाक्यात. स्वागताचं पेय ‘आमच्याकडून’ अशा अर्थाने इंग्रजीत ‘घरावर’ म्हणतात. यंत्राने लिहिलं ‘एन ला कासा’, म्हणजे पेय घरात मिळेल. फुकट आहे हेच गायब! ‘कोर्तेसिया दे ला कासा’ लिहिल्यावर ते नीट झालं. अशा जागी स्पॅनिश ओळ एकटी वाचून पाहुण्याला नेमकं काय कळेल ते कागदावर लिहायचं आणि मगच मूळ उघडायचं.

आणि हो, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: काम घेण्याआधी पाहुणे कुठल्या देशांतून येतात ते विचारून घ्या. दाबोळी विमानतळावरून टॅक्सी घ्या, याला यंत्राने ‘कोहेर’ हे क्रियापद वापरलं होतं. स्पेनमध्ये ते रोजचं, मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील. तिथे ‘तोमार’ सगळीकडे चालतं. या गेस्टहाऊसकडे स्पेन आणि मेक्सिको दोन्हीकडून चौकशा येत होत्या, म्हणून मी एकाला उद्देशून ‘उस्तेद’ आणि अनेकांना ‘उस्तेदेस’ असं ठरवलं आणि ते मालकांकडून ईमेलवर लिहून घेतलं. तो ईमेल फॉर्मला जोडल्यावर पुढच्या पानांवर तपासनिसाचा एकही शेरा आला नाही.