डिव्हिडंड मॉडेलची शीट: ग्रोथचा सेल आता हाताने भरायचा नाही

मंडळी, शीटचं अपडेट देतो. यावेळी बदल एकच केलाय पण तो मुळातला आहे. ग्रोथ रेट हाताने टाकायचं बंद, तो आता आरओई आणि रिटेन्शनमधूनच येतो. आणि शेवटच्या टप्प्याचा पेआउट त्याच सूत्राच्या उलट्या हिशोबाने निघतो. खरी गंमत या दुसऱ्या भागात आहे.

आपल्या चाकणला असतात तशी एखादी ऑटो पार्ट्सवाली कंपनी धरा, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बनवलेत. वर्षाच्या सुरुवातीला बुक व्हॅल्यू शेअरमागे २०० रुपये, त्या वर्षाचा ईपीएस ३६, डिव्हिडंड १४.४०. म्हणजे आरओई १८ टक्के, पेआउट ४० टक्के, उरलेले ६० टक्के कंपनीतच राहिले.

```
g = ROE × b = 18% × 0.60 = 10.8%
```

ताळा लगेच बसतो: २१.६० रुपये आत राहिले, बुक २२१.६० झालं, वाढ बरोबर १०.८ टक्के. पण हे सुरुवातीच्या बुकवर आरओई काढला तरच. वर्षअखेरच्या बुकवर काढला तर आरओई १६.२ दिसतो आणि ग्रोथ ९.७ वर येते, कंपनी तीच, फक्त भाजक बदलला. बऱ्याच साइट्सवर आरओई नक्की कशावर काढलाय ते लिहिलेलं नसतं, म्हणून मी बॅलन्स शीट उघडून स्वतःच काढतो.

रिटेन्शन काढताना अजून एक जागा बघा. मार्चनंतर सुचवलेला फायनल डिव्हिडंड त्या मार्चच्या इक्विटीतून वजा झालेला नसतो, तो पुढच्या वर्षात जातो. त्यामुळे इक्विटीच्या स्टेटमेंटमध्ये दिसणारा डिव्हिडंड म्हणजे बहुतेक वेळा मागच्या वर्षीचा फायनल अधिक यंदाचा इंटरिम. मी ज्या वर्षाचा नफा त्याच वर्षासाठी जाहीर झालेला डिव्हिडंड घेतो, आणि बायबॅक झालं असेल तर तेही वाटलेल्या पैशातच धरतो.

आता मॉडेल. अपेक्षित परतावा १२.५ टक्के धरला आणि हीच १०.८ची ग्रोथ कायमची लावली, तर १४.४० भागिले १.७ टक्के म्हणजे ८४७ रुपये. परतावा १३ केला की तेच उत्तर ६५५! अर्ध्या टक्क्याने जवळजवळ दोनशे रुपये उडत असतील तर त्या उत्तरावर पैसे लावायचे कसे? भाजक इतका बारीक झाला की समजायचं, ही ग्रोथ कायमची असूच शकत नाही. कोणतीही कंपनी अख्ख्या अर्थव्यवस्थेपेक्षा जोरात कायम वाढत राहू शकत नाही, राहिली तर एक दिवस सगळी अर्थव्यवस्था तीच होईल.

म्हणून दोन टप्पे केले. पहिली ५ वर्षं १०.८, त्यानंतर ६ टक्के. इथे बरेच जण ग्रोथ ६ करतात आणि पेआउट ४०च राहू देतात. पण मग सूत्र काय म्हणतंय बघा: ६० टक्के नफा ठेवून घेऊन वाढ फक्त ६, म्हणजे नव्या पैशावर कंपनी १० टक्केच कमावतेय, जे १२.५च्या अपेक्षेपेक्षा कमी. असं गृहीत धरायचं असेल तर जरूर धरा, पण ठरवून धरा, नकळत नको. मी नव्या पैशावर १५ टक्के धरले, म्हणून:

```
payout = 1 - g/ROE = 1 - 6/15 = 60%
```

सहाव्या वर्षाचा ईपीएस ६०.१२. पेआउट ४० ठेवला तर डिव्हिडंड २४.०५ आणि आजची किंमत साधारण २६७ येते, ६० केला तर डिव्हिडंड ३६.०७ आणि किंमत ३७० येते. पहिल्या ५ वर्षांच्या डिव्हिडंडचं आजचं मूल्य दोन्हीकडे तेच, ६२ रुपये, म्हणजे हा १०३ रुपयांचा फरक पूर्णपणे त्या एका सेलचा आहे.

ग्रुपमधल्या एका दादांनी विचारलं की १५ टक्के नव्या पैशावर का, सगळ्याच बुकवर का नाही. चांगला प्रश्न आहे. पाचव्या वर्षाअखेर बुक ३३४ होतं, त्यावर १५ टक्के म्हणजे ईपीएस ५०.१०, आणि त्याच्या आदल्याच वर्षी तो ५४.२६ होता. म्हणजे जुन्या प्लांटचीही कमाई एका रात्रीत घसरली असं धरावं लागतं, तेव्हा किंमत ३१९ येते. पेटंट संपलं किंवा मोठा ग्राहक गेला अशी परिस्थिती असेल तर हेच बरोबर, एरवी मला ते जास्तच कडक वाटतं.

आरओई कर्जामुळे फुगलाय का तेही बघावं लागतं. मार्जिन आणि विक्रीचा वेग तसाच आणि फक्त लिव्हरेज वाढलंय असं दिसलं तर मी आधीच्या लिव्हरेजवर आरओई परत काढतो, कारण कर्जाचं प्रमाण दरवर्षी वाढवत नेता येत नाही. जमीन विकून आलेला नफाही बाहेर काढतो.

पुढच्या व्हर्जनमध्ये नव्या पैशावरचा आरओई १८वरून १५वर ५ वर्षांत हळूहळू उतरवणार आहे, म्हणजे पेआउटही दरवर्षी आपोआप सरकेल. कुणी हे बँकांसाठी करून बघितलंय का? त्या मधूनमधून नवे शेअर काढतात आणि हे सूत्र तर नवं भांडवल येत नाही असंच धरून चालतं, तर तिथे शेअरमागचं बुक कसं पुढे नेता ते सांगा.