घास अडकलेल्या माणसाला पाणी पाजू नका : हॉटेलातला माझा अनुभव

मी कोल्हापुरात एका हॉटेलात कॅप्टन आहे. रविवारी दुपारी हॉल भरलेला असताना मटण खाणारे एक काका अचानक उठले आणि काही न बोलता बेसिनकडे निघाले. श्वासनलिका पूर्ण बंद झाली की माणसाला ओरडता येत नाही. तो संकोचाने बाजूला जातो आणि तिथेच कोसळतो, म्हणून मी मागोमाग धावलो. "काका, बोलता येतंय का?" त्यांनी नुसती मान हलवली. हात गळ्यावर होता.

तेवढ्यात घरची मंडळी आली आणि खरी अडचण सुरू झाली. मुलगा पाण्याचा ग्लास तोंडाला लावू लागला, सून डोक्यावर थापटत "वर बघा, वर बघा" म्हणत होती, शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ साखर घेऊन आले. मला त्यांच्यापर्यंत पोहोचताच येईना. त्या गराड्याची चीड अजून जात नाही. घास अन्ननलिकेत नसतो, श्वासाच्या वाटेत असतो. पाण्याने तो खाली सरकत नाही, उलट पाणीच फुफ्फुसात जाऊ शकतं. मान वर केली तर घास आणखी आत जाण्याची भीती. शेवटी आमच्या वेटरने मुलाला दोन्ही खांदे धरून मागे ओढलं. गर्दी हटवणं हे त्याचंच काम ठरलेलं आहे. काउंटरवाला १०८ लावतो, वॉचमन गेटवर जाऊन गाडी आत आणतो. नाव घेऊन काम दिलं नाही तर "कुणीतरी फोन करा" म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

मग मी काकांना पुढे वाकवलं आणि तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या मधे पाच जोरदार थापा मारल्या. घास निघाला नाही. मागून कवेत घेतलं, मूठ बेंबीच्या जरा वर ठेवली आणि आत-वर असे पाच झटके दिले. आलटूनपालटून हेच करत राहिलो आणि मटणाचा तुकडा बाहेर पडला. त्यांचा पहिला श्वास ऐकला तेव्हा माझे पाय थरथरत होते.

"आता बरं आहे, घरी जातो," म्हणत होते. मी जाऊ दिलं नाही. पोटावरच्या झटक्यांनी आत इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी तपासायलाच हवं.

हो, एक राहिलं. माणूस जोरात खोकत असेल तर थापा मारू नका, खोकू द्या. गरोदर बाई असेल तर झटके पोटावर नाही, छातीच्या मधोमध द्यायचे. आणि शुद्ध गेली तर जमिनीवर आडवं करून छाती दाबायला लागा, ३० वेळा दाबून दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. श्वास देण्याआधी तोंडात बघा. घास दिसला तरच काढा, आंधळेपणाने बोट घातलं तर तो आणखी खोल जातो.