उजनी राहिली, रोहित पक्षी गेले

“मॅडम, भाषण दहा मिनिटांचं बसवलंय आणि आता सहाच मिनिटं मिळणार म्हणतात. मुद्दा न हरवता कापू कुठं?”

कात्री नंतर. आधी कागद उलटा ठेवा आणि तुमचं भाषण काय पटवून देतंय ते एका वाक्यात बोलून दाखवा. त्या वाक्यात कारणही हवं आणि मागणीही हवी. हे वाक्य सापडलं नसेल तर दहा मिनिटांच्या भाषणातही मुद्दा नव्हताच. ऐकणाऱ्याला तो आहे असं वाटत होतं, एवढंच.

सोलापुरातल्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण घेते, कारण तिचं भाषण कापताना जवळजवळ सगळ्या अडचणी आल्या. तिचा विषय होता उजनीचं पाणी आणि धरण किती भरलंय हे सांगणारे रोजचे टक्के. वाक्य सांग म्हटल्यावर ती म्हणाली, “माझं भाषण उजनी धरणाबद्दल आहे.” हा झाला विषय. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, “उजनीचे टक्के फसवतात.” हे पहिल्यापेक्षा बरं, पण का फसवतात आणि मग आपण काय करायचं, हे त्यात नाही. बऱ्याच खटपटीनंतर वाक्य असं आलं: उजनीचं शून्य तळाला नाही, अर्ध्याच्याही वर आहे, म्हणून उजनीच्या पाण्याचं बोलणं टक्क्यांत न करता टीएमसीत करावं. हे वाक्य तिनं पानाच्या डोक्यावर लिहिलं आणि मग आम्ही घड्याळ लावलं.

घड्याळ लावायचं म्हणजे अख्खं भाषण मोजायचं नाही, प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा. तोही मोठ्यानं, उभं राहून बोलताना. मनात वाचलं की भाषण नेहमी लहान भरतं. तिचा हिशेब असा निघाला. नमस्कार आणि पावसावरच्या चार ओळी, 50 सेकंद. धरणाचा इतिहास, म्हणजे भीमा नदी, 1980 मध्ये पूर्ण झालेलं काम, विस्थापित गावं, यशवंतसागर हे नाव, 1 मिनिट 40 सेकंद. भिगवणला येणारे रोहित पक्षी, पूर्ण एक मिनिट. शून्य म्हणजे काय हे समजावणं, 1 मिनिट 40. इतर धरणांशी तुलना, 1 मिनिट 10. 2024 च्या उन्हाळ्याचं उदाहरण, तेवढंच. विरोधकाचा आक्षेप आणि त्याला उत्तर, 1 मिनिट 20. शेवटची मागणी, 1 मिनिट 10.

हे बघितल्यावर तिनं जे सुचवलं ते जवळजवळ सगळेच सुचवतात: “प्रत्येकातून थोडं थोडं काढू की मॅडम.” यातच भाषण मरतं. सगळीकडून चाळीस टक्के छाटले की आठही तुकडे शिल्लक राहतात, पण एकालाही काही सिद्ध करण्याइतका वेळ उरत नाही. पुरावा अर्धा, आक्षेपाचं उत्तर अर्धं, आणि रोहित पक्षी मात्र पस्तीसेक सेकंद उडतातच. दुसरा मोह वेग वाढवण्याचा. सभागृहात मराठी नीट ऐकू जायचं तर मिनिटाला 110 ते 120 शब्द माझ्या मते पुरे. तिच्या कागदावर साडेअकराशे शब्द होते. सहा मिनिटांत ते बसवायचे तर मिनिटाला 190 च्या वर जावं लागतं, आणि त्या वेगात पहिल्यांदा आकडे ऐकणाऱ्याच्या हातून सुटतात. मी सहा मिनिटांसाठी साडेसहाशे शब्द धरते, म्हणजे वीसेक सेकंद श्वासाला राहतात.

मग प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न: हा पूर्ण काढला तर डोक्यावरच्या वाक्यातलं काय पटेनासं होतं?

रोहित पक्षी काढले तर काहीच बिघडत नव्हतं. पण भांडण झालं ते इथंच. तो परिच्छेद तिनं फार सुंदर लिहिला होता, बोलायचीही सुरेख. “तेवढं राहू द्या की.” मी नाही म्हटलं. जो तुकडा सगळ्यात छान जमलाय आणि वाक्याला काहीच देत नाही, तो सगळ्यात घातक. लोक घरी जाताना तोच आठवतात आणि मुद्दा विसरतात. पावसाच्या ओळीही गेल्या. नमस्कार दहा सेकंदांत आटोपतो. आपल्याकडे व्यासपीठापासून श्रोत्यांपर्यंत सगळ्यांना विशेषणं लावायची जुनी हौस आहे, पण त्याला कोणी गुण देत नाही.

इतिहासाचा प्रश्न थोडा अवघड होता. विस्थापितांची गोष्ट बाजूला ठेवणं तिला जड गेलं, आणि ते योग्यच होतं. पण ती गोष्ट वेगळ्या भाषणाची आहे. तिला पंधरा सेकंदांत उरकणं हा तिचा अपमान झाला असता, म्हणून ती पूर्ण गेली. धरण भीमेवर आहे आणि सोलापूरच्या नळाचा त्याच्याशी काय संबंध आहे, एवढी वीस सेकंद राहिली.

तुलनेचा तुकडा मात्र एका वाक्यावर आला, आणि त्यामुळे तो आधीपेक्षा धारदार झाला. मूळ भाषणात तिनं कोयना, जायकवाडी असं एकेक धरण घेऊन आकडे वाचले होते. त्या सगळ्यातून तिला सांगायचं होतं ते इतकंच: कोयनेत शून्याच्या खाली जेमतेम पाच टीएमसी राहतं, उजनीत चौसष्ट. हे एक वाक्य ऐकलं की कळतं की टक्क्यांचा घोळ सगळीकडे सारखा नाही, आपल्याकडे तो मोठा आहे. पंधरा सेकंद. जायकवाडीची गरजच उरली नाही.

आता गाभा. उजनीचा एकूण साठा 117.23 टीएमसी. त्यातला 63.66 मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी, आणि 53.57 उपयुक्त साठा. रोज जाहीर होणारे टक्के फक्त या 53.57 चे असतात. म्हणजे “उजनी शून्यावर” असं आपण ऐकतो तेव्हा धरणात 63 टीएमसीच्या वर पाणी असतं. हे कागदावर चटकन समजतं, कानाला नाही. शिवाय तिनं पूर्णांक करताना 64 आणि 54 केले होते. त्यांची बेरीज 118 येते आणि एकूण ती 117 सांगत होती. समोर एखादा हिशेबी माणूस बसला असेल तर पुढचं अर्धं मिनिट तो बेरीजच करत राहतो. उपाय सोपा: तीन आकडे सांगायचेच नाहीत. “धरण भरलं की एकशे सतरा टीएमसी. त्यातलं चौसष्ट शून्याच्या खाली.” इथं थांबायचं. उरलेलं किती ते ऐकणारा स्वतः काढतो, आणि स्वतः काढलेला आकडा त्याच्या लक्षात राहतो. एक टीएमसी म्हणजे किती कोटी लिटर हे गणितही वगळलं. अब्ज घनफूट म्हटलं काय किंवा 2831 कोटी लिटर म्हटलं काय, कल्पना कोणालाच करता येत नाही. इथं अर्ध्याच्या वर की खाली, एवढंच कळायला हवं.

हा एकच तुकडा आम्ही वाढवला, 1 मिनिट 40 वरून 1 मिनिट 50 सेकंदांवर. कापाकापीत एखादी जागा लांबवायची हे विचित्र वाटेल, पण आजूबाजूचं गेल्यावर सगळा भार याच्यावर आला होता.

2024 चं उदाहरण जसंच्या तसं राहिलं. त्या उन्हाळ्यात उजनी जवळपास उणे 60 टक्क्यांवर गेली होती. उपयुक्त साठ्याचे 60 टक्के म्हणजे साधारण 32 टीएमसी. ते 63.66 मधून वजा केले की धरणात अजून 31 च्या पुढे उरतात. “उणे साठ” ऐकून डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन येते, आणि प्रत्यक्षात तिथं एकूण साठ्याच्या पाव हिश्शाहून जास्त पाणी असतं. या एका उदाहरणावर सगळा युक्तिवाद उभा आहे. दुसऱ्या वर्षाचं उदाहरण तिच्याकडे होतं, ते लागलं नाही.

राहिला आक्षेप. वेळ कमी पडला की पहिली कुऱ्हाड यावरच पडते, कारण तो दुसऱ्याचा मुद्दा वाटतो. तो काढला असता तर भाषण नुसती तक्रार झालं असतं. आक्षेप खरोखर जोरदार आहे: मृतसाठा वापरण्यासाठी नसतोच, त्यात गाळही धरलेला असतो, मग टक्के उपयुक्त साठ्याचेच सांगणं बरोबर नाही का? तिचं उत्तर असं की उजनी उणे आकड्यांत जाते, याचाच अर्थ शून्याखालचं पाणी कमी होत जातं, काही वापरानं आणि काही उन्हानं. मग ते किती उरलं हे लोकांना सरळ आकड्यात कळलं पाहिजे. गाळामुळे मृतसाठ्याचा आकडा पूर्ण भरवशाचा नाही, हेही तिनं मान्य केलं, अर्ध्या वाक्यात. त्या कबुलीला पाच सेकंद लागतात. ती गाळली तर प्रश्नोत्तरांत कोणीतरी गाळावरूनच अडवणार. मूळच्या 1 मिनिट 20 मधून फक्त पंधरा सेकंद गेली, तीही “काही जण असं म्हणतील, पण मला त्यांना विचारावंसं वाटतं” छापाच्या वाक्यांची.

एक गोष्ट कापताना नकळत जाते: “म्हणून”, “तरीही”, “कारण” हे जोडशब्द. तुकडे उचलले की त्यांच्यामधले सांधेही निघतात आणि भाषण एकापाठोपाठ एक वाक्यांची रांग होतं. म्हणून कापून झाल्यावर फक्त सांधे वाचायचे. इतिहासानंतर थेट शून्यावर उडी बसत होती. तिथं “पण या धरणात पाणी किती आहे, हे आपल्याला कळतं कसं?” हे वाक्य नव्यानं घातलं.

जमलं की नाही याची परीक्षा विषय माहीत नसलेल्या माणसावर घ्यायची. तिनं घरी आजीला ऐकवलं आणि विचारलं, मी काय म्हणाले? आजी म्हणाल्या, “शून्य म्हटलं तरी धरणात पाणी असतंय, तर टक्के सांगू नका म्हणालीस.” मुद्दा पोचला होता. “उजनीवर छान बोललीस” असं आलं असतं तर पुन्हा बसावं लागलं असतं.

नव्या हिशेबानं भाषण 5 मिनिटं 40 सेकंदांचं झालं: आक्षेपाचं उत्तर 4 मिनिटं 50 सेकंदांना संपतं आणि मग मागणीची पन्नास सेकंद. पहिली घंटा पाचव्या मिनिटाला असेल तर ती मागणीच्या पहिल्या-दुसऱ्या वाक्यावर ऐकू यायला हवी. कागदावर तिथं लाल खूण करा. घंटा झाली तेव्हा तुम्ही अजून आक्षेपातच असाल, तर मागणीतलं कोणतं वाक्य सोडायचं ते आधीच कंसात टाकून ठेवा. तिनं “रोज सकाळी फलकावर टीएमसीचा आकडा लावा” हे ठेवलं आणि त्याच्या पुढची दोन वाक्यं कंसात टाकली.