धाव संपल्यावर लागलेली धाप

सातवीच्या तासाला सहाशे मीटरची धाव घेतली होती. दमा असलेला एक मुलगा व्यवस्थित धावला, कडेला जाऊन बसला, आणि मी पुढच्या गटाकडे वळलो. पाच-सात मिनिटांनी पाहिलं तर तो दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून श्वास ओढत होता. "काय होतंय?" विचारलं तर दोन शब्द बोलून थांबत होता. त्याचा पंप ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप. किल्ली सापडेपर्यंतची ती मिनिटं मला अजून विसरता येत नाहीत.

तो सावरला. पण व्यायामाने उठणारा दम बऱ्याचदा धावताना नाही, थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांत वाढतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी नेमकं तेव्हाच लक्ष काढून घेतलं होतं.

त्याच्या आईवडिलांना भेटलो, डॉक्टरांकडून लेखी सूचना मागवल्या. त्यानुसार तो आता खेळाच्या पंधरा मिनिटं आधी श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणाऱ्या निळ्या पंपाचे दोन पफ घेतो. हे प्रत्येक मुलाला लागू नाही, ज्याच्या कागदावर लिहिलंय त्यालाच. पंप आणि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, माझ्या कमरेच्या पिशवीत असतात. पंपावरचा आकडा मी दर सोमवारी बघतो, कारण पंप रिकामा आहे हे ऐन वेळी कळून उपयोग नसतो.

वॉर्म-अपमध्येही बदल केला. पूर्वी मैदानाला दोन फेऱ्या आणि लगेच खेळ. आता चालणं, हळू धावणं, मग अर्ध्या मिनिटाच्या छोट्या धावा आणि मध्ये तेवढीच विश्रांती, अशी दहा-पंधरा मिनिटं जातात. अशा तुकड्यातुकड्यांच्या धावांनंतर पुढच्या खेळात श्वासनळ्या बऱ्याच जणांच्या कमी आवळतात. शेवटीही एकदम थांबवत नाही.

गवत नुकतंच कापलेलं असेल, धूळ उडत असेल किंवा हवा थंड, कोरडी असेल तर आम्ही आत खेळतो. सर्दी-खोकला असला की मात्र त्याला मी स्वतः थांबवतो. त्याला ते आवडत नाही, पण त्या दिवसांत दम लवकर उठतो.

सगळ्यात अवघड होती माझी भीती. एका डॉक्टर मॅडमनी रिकाम्या पंपावर माझ्याकडून सराव करून घेतला: मुलाला ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही, पंप हलवायचा, स्पेसरमध्ये एक पफ, त्यावर चार श्वास, मग पुढचा. असे चार पफ झाले की चार मिनिटं थांबायचं. फरक नाही पडला तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत तेच चालू ठेवायचं. ओठ निळसर दिसले किंवा बोलताच येत नसेल तर वाट न बघता आधी फोन. छातीतली शिट्टी थांबली आणि मूल दमून गप्प झालं, तर ते बरं झालं असं समजू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

गेल्या महिन्यात कबड्डीनंतर त्याने स्वतःच हात वर केला. "सर, छाती आवळतेय." मी पिशवी उघडली. दोन पफनंतरच तो पूर्ण वाक्य बोलायला लागला, तरी घंटा होईपर्यंत मी त्याच्या शेजारीच बसून राहिलो.