थांबवायला एकाची सही, सुरू करायला दोघांची

सोलापूरच्या पूर्व भागात बँकेच्या शाखेत काम करणाऱ्याला मागाच्या पैशाची भांडणं नवी नाहीत. शेड विकली जाते, पैसे कुणातरी दोघांच्या जॉइंट खात्यात येतात, आणि वर्षा-दोन वर्षांत ते दोघं आमच्या काउंटरवर एकमेकांकडे न बघता उभे असतात. तरी या केसने मला अजून सोडलेलं नाही.

अम्मांचं वय सत्तरीच्या पुढचं, तेलुगू घरातल्या. यजमान गेल्यावर चादरीचे माग विकले. सेव्हिंगमध्ये साडेतीन लाख आणि चार-चार लाखांच्या दोन एफडी. सगळं अम्मा आणि मोठा मुलगा यांच्या नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही एकाच्या सहीने पैसे काढावेत आणि एक गेला तर दुसऱ्याला मिळावेत. खातं उघडताना बहुतेक घरं हाच पर्याय घेतात आणि त्याचा अर्थ घरात सगळं ठीक असेपर्यंत कुणी विचारत नाही.

पासबुक भरून घेतलं तेव्हा अम्मांना नव्वद हजार गेल्याचं कळलं. मुलाने धंद्यासाठी सूत घेतलं होतं आणि सुतवाल्याला आणखी अडीच लाखांचा चेक देऊन ठेवला होता. मुलाच्या मते पैसे मागाचे, मागातच लागायला हवेत. अम्मांच्या मते ते त्यांच्या म्हातारपणाचे आणि थोडे मुलीचेही. मुलगा लबाड नव्हता, हे मला आजही वाटतं. पण खातं दोघांचं होतं आणि विचारलं एकालाच होतं. तेही त्याने स्वतःलाच.

अम्मा सकाळी मुलीबरोबर आल्या. "आजपासून दोघांची सही लागली पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं. काउंटरवरच्या नव्या ऑफिसरने त्यांना खात्याची सूचना बदलायचा फॉर्म दिला आणि सांगितलं, "यावर मुलाचीही सही आणा." अम्मा फॉर्म घेऊन निघाल्याच होत्या.

इथेच माझा आजही जीव तुटतो. ऑफिसरचं चुकलं नव्हतं, फॉर्मवर खरंच सगळ्या खातेदारांच्या सह्यांची जागा आहे. खात्याचा मोड कायमचा बदलायला सगळ्यांची संमती लागतेच. पण ज्याच्या हातून पैसे जाताहेत त्याचीच सही आणा असं म्हाताऱ्या बाईला सांगणं म्हणजे तिला रिकाम्या हाताने घरी पाठवणं. कुणा एकाच्या सहीने पैसे द्यायचे, ही परवानगी सगळ्या खातेदारांनी मिळून बँकेला दिलेली असते. त्यातला कुणीही एक ती मागे घेऊ शकतो. लेखी कळवलं की बँकेने एकट्याच्या सहीवर पैसे देणं तिथेच थांबवायचं, मग दोघं एकत्र सही करतील तेव्हाच. दुसऱ्याने काढलेला, अजून पास न झालेला चेकही एका खातेदाराला थांबवता येतो. थांबवायला एक पुरतो, पुन्हा सुरू करायला सगळे लागतात. हे फॉर्मवर कुठे छापलेलं नाही, आणि आमच्या ट्रेनिंगमध्ये विमा विकायला जेवढा वेळ देतात त्याच्या चौथाई वेळही याला देत नाहीत.

मी अम्मांना बसवलं आणि साध्या कागदावर अर्ज लिहायला सांगितला. मुलीने मराठीत लिहिला, मी वाचून दाखवला, अम्मांनी खाली तेलुगूत सही केली. तीच सही खातं उघडताना दिलेली. हात थरथरत होता, पण अक्षरांची वळणं जुन्या नमुन्याशी जुळत होती. मग विचारलं, "एफडींचं काय?" त्या म्हणाल्या, "ते त्यातच आलं की." आलं नव्हतं. प्रत्येक एफडी हे वेगळं खातं, तिची सूचना वेगळी. मुदतीआधी मोडायची तर दोघांची सही लागते, पण मुदत पूर्ण झाली की 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'मध्ये एकट्याच्या सहीवर पैसे मिळतात. एकीची मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती. पिशवीतून पावत्या काढल्या, तिन्ही नंबर आणि सुतवाल्याला दिलेला चेक अर्जात घातला. पोच देताना तारखेबरोबर वेळही लिहिली. अशा केसमध्ये तारखेइतकीच वेळ महत्त्वाची, कारण नंतर भांडण होतं ते चेक आधी की अर्ज आधी यावरच.

मग सिस्टिममध्ये पैसे निघणं बंद केलं. दोघांची एटीएम कार्डं, मोबाइल बँकिंग, यूपीआय सगळं बंद. यंत्राला एकच पिन कळतो, दोन सह्या कळत नाहीत, त्यामुळे दोन सह्यांच्या खात्यावर ही साधनं चालूच ठेवता येत नाहीत. मुलाला पत्र पाठवलं आणि फोनही केला.

चेक त्याच दुपारी क्लिअरिंगला आला आणि परत गेला. संध्याकाळी मुलगा आला. "मॅडम, माझ्याही नावाचं खातं आहे ना? तिचं ऐकता आणि माझं नाही?" मी म्हटलं, "तुम्ही उद्या असाच अर्ज दिलात तर तुमचंही असंच ऐकेन. पण पैसे द्यायला आता दोघं लागतील." तो गेला तो बरेच दिवस आला नाही.

शेवटी मामा मध्ये पडले आणि दोघं आले. मुलाने फॉर्मवर 'संयुक्त' या चौकटीवर टिक केली होती. मी थांबवलं. नुसतं 'संयुक्त' ठेवलं तर एक गेल्यावर दुसऱ्याला एकट्याने पैसे मिळत नाहीत. गेलेल्याचे वारस आणि राहिलेला, सगळ्यांनी मिळून मागावे लागतात. उद्या मुलालाच काही झालं, तर अम्मांना सुनेच्या आणि नातवंडांच्या सह्या गोळा कराव्या लागतील. मुलगी नॉमिनी होती खरी, पण जॉइंट खात्यात नॉमिनीचा नंबर दोघंही गेल्यावर लागतो. म्हणून 'संयुक्त किंवा उत्तरजीवी' लिहून घेतलं. हयातीत दोन सह्या, एक गेला तर दुसऱ्याचं. एफडींनाही तेच. जुन्या चेकबुकातले उरलेले चेक परत घेतले.

आणि अम्मांच्या एकटीच्या नावाने वेगळं खातं उघडून दिलं. दरमहा बारा हजार जॉइंट खात्यातून आपोआप तिकडे जातील, अशी कायमची सूचना दोघांच्या सहीने घेतली. हे केलं नसतं तर औषधाच्या पाचशे रुपयांसाठीही त्यांना मुलाची सही मागावी लागली असती. त्यांनी मुलाला थांबवायला दोन सह्या मागितल्या होत्या. त्याच कागदाने मुलालाही त्यांना थांबवण्याचा हक्क मिळतो, हे त्या दिवशी मी तीनदा सांगितलं. "चालेल," त्या म्हणाल्या.

मागच्या आठवड्यात अम्मा एकट्याच आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन, चाळीस हजार हवे होते. त्यांच्या खात्यात तेवढे नव्हते. जॉइंट खात्याच्या स्लिपवर एकच सही. मी स्लिप परत दिली. दुसरं काही करताच येत नव्हतं, तरी हात जड झाला. मुलाला फोन लावला, तो दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून आला आणि काही न बोलता सही केली.

मॅनेजरसाहेब म्हणतात, बघा, सगळं व्यवस्थित चाललंय. मी मात्र अम्मांसमोर मुलाला दरमहाची रक्कम अठरा हजार करायचा फॉर्म दिला. अम्मांनी तिथेच सही केली. मुलगा म्हणाला, घरी वाचून आणतो. फॉर्म अजून आलेला नाही.