६८ की ६९? रबाळ्याच्या लाल ट्रेची भानगड

मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये कामाला आहे, साइट व्हिजिट बऱ्याच असतात. त्या दिवशी रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमधून सकाळीच फोन आला की आमचा फ्रीक्वेन्सी काउंटर वेडा झालाय, लाइन थांबवलीय, आजच्या आज या. काउंटर वेडा होतो म्हणजे नक्की काय करतो हे फोनवर काही कळेना, म्हणून अगदी अचूक १० मेगाहर्ट्झ देणारी रुबिडियम रेफरन्सची पेटी खांद्याला लावली आणि ट्रान्सहार्बर पकडली.

तिथे टायमर बोर्ड बनवतात, आत DS1307 ही घड्याळाची चिप आणि तिच्याशेजारी ३२७६८ हर्ट्झचा छोटासा क्रिस्टल. अट अशी की क्रिस्टलची फ्रीक्वेन्सी २० पीपीएमच्या आत हवी, म्हणजे दहा लाखात वीस, दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास. टेस्ट जिगवर बोर्ड बसवायचा, चिपच्या SQW पिनवरून सिग्नल काउंटरला, गेट टाइम, म्हणजे मोजणीचा वेळ, १ सेकंद. आकडा ३२७६८ आला तर हिरवा स्टिकर, ३२७६७ किंवा ३२७६९ आला तर लाल. आणि लाल ट्रे भरून वाहत होता.

क्यूसीच्या मॅडम वैतागलेल्या. "सर, सकाळच्या शिफ्टने रिजेक्ट केलेले बोर्ड दुपारच्या शिफ्टला पास होतात. पोरं म्हणतात काउंटर मूडमध्ये असला की पास करतो."

पहिलं काम काउंटर तपासणं. रुबिडियम लॉक व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात चहा झाला. मग त्याचे १० मेगाहर्ट्झ काउंटरला दिले, गेट १ सेकंदच, आणि डिस्प्लेवर आलं १००००००३. म्हणजे चूक ०.३ पीपीएम, त्या जुन्या डब्याच्या मानाने झकासच. "काउंटर ओके आहे" म्हटल्यावर मॅडमचा चेहरा पडला, कारण काउंटर खराब निघाला असता तर प्रश्न सुटला असता ना.

मग मी लाल ट्रेमधला एक बोर्ड उचलून जिगवर लावला आणि नुसता बघत बसलो, दर गेटला आकडा बदलतोय का. ६८, ६८, ६९, ६८, ६८, ६८, ६९... बोर्ड तोच, वायर तीच, कोणी हातही लावत नाहीये. "बघा, हेच!" मॅडम म्हणाल्या.

आता हे असं का होतं ते. काउंटर आत काही फ्रीक्वेन्सी 'मोजत' वगैरे नाही, तो फक्त कडा मोजतो, म्हणजे सिग्नल किती वेळा वर-खाली झाला ते. आतल्या क्रिस्टलवरून भागून भागून बरोबर १ सेकंदाचा पल्स बनवतात, त्या पल्सने गेट उघडतं, उघडं असेपर्यंत सिग्नलच्या जेवढ्या कडा आत येतील तेवढ्या मोजायच्या आणि बंद झालं की आकडा दाखवायचा. पण गेट कधी उघडणार हे सिग्नलला माहीत नसतं, दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. मॅडमना मी गाड्यांचं उदाहरण दिलं, दर १० मिनिटांनी गाडी आहे आणि तुम्ही रबाळे स्टेशनला बरोबर ३५ मिनिटं उभ्या राहिलात. गाडी येता येता पोचलात तर ४ गाड्या मोजाल, नुकतीच सुटली असेल तर ३. गाड्यांचं टाइमटेबल बरोबर, तुमचं घड्याळही बरोबर, तरी एकाचा फरक. हाच तो प्लस-मायनस एक काउंट, आणि काउंटर कितीही भारी घेतला तरी अशा सरळ मोजणीत तो राहणारच.

त्या बोर्डची खरी फ्रीक्वेन्सी ३२७६८.३ च्या आसपास असणार, कारण दहातल्या साधारण सात वेळा ६८ आणि तीन वेळा ६९ येत होतं. ०.३ हर्ट्झ म्हणजे ९ पीपीएम, बोर्ड एकदम चांगला. पण १ सेकंदाच्या गेटला डिस्प्लेची सगळ्यात छोटी पायरीच १ हर्ट्झची, आणि ३२७६८ मध्ये १ हर्ट्झ म्हणजे साडेतीस पीपीएम! लिमिट २० पीपीएमची, म्हणजे ०.६५ हर्ट्झ. पायरी लिमिटपेक्षा मोठी, मग पास-फेल ठरणार कसं? शेवटी सगळं गेट कुठल्या क्षणी उघडलं त्यावर.

प्रॉडक्शन मॅनेजर मध्येच म्हणाले, "म्हणजे चांगले बोर्ड उगाच रिजेक्ट झाले, एवढंच ना? परत टेस्ट करून पास करू." नाही ना साहेब! समजा एखादा बोर्ड खरोखर ३२७६८.९ वर आहे, म्हणजे २७ पीपीएम, सरळ फेल. तोही दहातून एखाद्या वेळी ६८ दाखवणार. आणि तुमची दुपारची शिफ्ट लाल स्टिकरवाले बोर्ड ६८ येईपर्यंत परत परत लावत होती.

यावर सोपा उपाय म्हणजे गेट १० सेकंदांचं करायचं. पायरी ०.१ हर्ट्झची होते, म्हणजे ३ पीपीएम, तेवढं पुरतं. लगेच करून दाखवलं, तोच बोर्ड ३२७६८.३, क्वचित .२, प्लस-मायनस एक इथेही आहेच, फक्त शेवटच्या घरात सरकला. पण मॅनेजरांनी कपाळाला हात लावला, एका बोर्डाला दहा सेकंद नुसतं थांबायचं म्हणजे लाइनचं काय होणार.

मग उलटीकडून गेलो. DS1307 मध्ये कंट्रोल रजिस्टर 0x07 मध्ये 0x10 लिहिलं की SQW वर ३२७६८ ऐवजी १ हर्ट्झ मिळतो, त्याच क्रिस्टलवरून भागून आलेला, म्हणजे पीपीएममधली चूक जशीच्या तशी त्यात असते. काउंटर पीरियड मोडवर टाकला. आता भूमिका बदलतात, गेट उघडतो-बंद करतो तो बोर्डचा सिग्नल आणि मोजल्या जातात काउंटरच्या आतल्या १० मेगाहर्ट्झच्या कडा. एका सेकंदात एक कोटी कडा, त्यात एकाचा फरक म्हणजे ०.१ पीपीएम. वेळ लागतो जास्तीत जास्त दोन सेकंद, पहिल्या कडेची वाट बघणं धरून.

जिगच्या प्रोग्रॅममध्ये तेवढी एक ओळ त्यांच्या पोराने लगेच बदलली. ट्रिगर मात्र मी पडत्या कडेवर ठेवायला लावला, कारण ती पिन ओपन ड्रेन आहे, म्हणजे चिप तिला फक्त खाली ओढते, चढती कड पुलअप रेझिस्टरवरून रेंगाळत वर जाते आणि तिथे ट्रिगरची जागा हलू शकते. तोच बोर्ड लावला तर डिस्प्लेवर ९९९९९०.८ मायक्रोसेकंद, शेवटचा अंक एकाने हलतोय, बास. आणि मजा म्हणजे पीपीएमचं गणितच करावं लागत नाही, सेकंदाला जितके मायक्रोसेकंद कमी-जास्त तितके पीपीएम. लिमिट झाली ९९९९८० ते १००००२०. फक्त आकडा कमी म्हणजे घड्याळ पुढे धावतंय हे उलटं लक्षात ठेवायचं, ते मी जिगवर मार्करने लिहूनच टाकलं.

आता काउंटरची स्वतःची ०.३ पीपीएमची चूक प्लस-मायनस एकपेक्षा मोठी झाली, म्हणून सकाळी काउंटर चालू करून अर्धा तास तापू द्या एवढं सांगितलं. २० पीपीएमसाठी त्याहून जास्त चिकित्सेची गरजच नाही. हो, एका पोराने विचारलं की प्रोब सरळ क्रिस्टलच्या पायावर लावला तर? तर नको, प्रोबची दहा-बारा पिकोफॅरड कपॅसिटन्स क्रिस्टलवर चढते आणि फ्रीक्वेन्सी सरळ खाली येते, मग मोजाल ते बोर्डचं नाही, बोर्ड अधिक प्रोबचं.

संध्याकाळपर्यंत लाल ट्रे परत मोजून झाला, त्यातले बहुतेक बोर्ड पास. मग मॅडमनी स्वतःहूनच हिरवा ट्रे पुढे ओढला. तिसराच बोर्ड ९९९९७५.४, साडेचोवीस पीपीएम, वर हिरवा स्टिकर. त्यांनी काही न बोलता तो बाजूला काढला आणि डिस्पॅचला फोन लावला, की शनिवारचा लॉट ट्रान्सपोर्टवाल्याकडेच असेल तर त्याला म्हणावं गाडी सोडू नकोस.