दहा मिनिटे नाक दाबून

नववी-दहावीच्या वर्गांना शारीरिक शिक्षणाच्या तासाला सर प्रथमोपचार शिकवत. मुरगळलेला घोटा आणि खरचटलेला गुडघा यांचे धडे लवकर आटोपत. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवायचा, त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायचा, आणि जखम वाहत्या पाण्याने माती निघेपर्यंत धुवायची. इतके कळले की पुरे. खरा वेळ जाई तो घोळणा फुटण्यावर, कारण सोपा वाटणारा हा उपचार सर्वांत जास्त चुकीचा केला जातो.

धडा नाकाच्या रचनेपासून सुरू व्हायचा. नाकाच्या मधल्या पडद्यावर पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि त्यावरचे आवरण अगदी पातळ असते. नाकातून येणारे बहुतेक रक्त तिथूनच येते. म्हणून दाबायचा तो नाकाचा मऊ भाग, दोन्ही नाकपुड्या एकत्र, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत. त्याने ते जाळे पडद्यावर दाबले जाते. हाताला लागते ते वरचे हाड दाबून काहीच होत नाही, तरी बहुतेकांचा हात आधी तिथेच जातो. सर प्रत्येकाला आपल्याच नाकावर हाड कुठे संपते ते बोटाने चाचपायला लावत.

मग बसण्याची पद्धत. मुलाला बसवून मान किंचित पुढे झुकवायची, श्वास तोंडाने घ्यायला सांगायचे आणि घशात उतरलेले रक्त थुंकू द्यायचे. डोके मागे टाकले की रक्त दिसेनासे होते, पण थांबत नाही; ते घशातून पोटात जाते. पोटात साचलेल्या रक्ताने मळमळते, उलटी होते, आणि उलटीतले काळपट रक्त पाहून सगळेच घाबरतात. आडवे झोपवले तरी तेच.

जोड्या करून सराव व्हायचा तो मुख्यतः घड्याळासाठी. एकाने स्वतःचे नाक दाबायचे, दुसऱ्याने घड्याळ पाहायचे. दाब दहा मिनिटे सलग हवा. न पाहता अंदाज बांधला तर दोन-तीन मिनिटांतच दहा झाल्यासारखी वाटतात, आणि चिमटी सोडून ‘थांबले का’ बघितले जाते. नुकती धरू लागलेली गुठळी तेवढ्याने सुटते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून करावी लागते. दहा मिनिटांनंतरही रक्त येत असेल तर आणखी दहा मिनिटे दाबायचे. एकूण अर्ध्या तासात थांबले नाही, तर दवाखाना. कापसाचा बोळा मात्र खुपसायचा नाही, कारण काढताना तो गुठळीसकट निघतो.

शक्यतो मुलानेच आपले नाक दाबावे, म्हणजे दुसऱ्याचा हात रक्ताला लागत नाही. मदत करावीच लागली तर हातमोजे घालायचे.

सरांचा आवडता प्रसंग होता चेंडू नाकावर बसल्याचा. इथे आधी पाहायचे ते रक्त नव्हे, मूल. चक्कर, गुंगी, वारंवार उलटी, किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ द्रव आला, तर डोक्याला मार आहे असे समजायचे. अशा वेळी नाक बंद करायचे नाही, द्रव गळू द्यायचा आणि थेट रुग्णालय गाठायचे. तसे काही नसेल तर नेहमीसारखे दाबायचे, पण नाक वाकडे दिसत असेल किंवा हाताला करकर लागत असेल तर दाबत बसू नये, वैद्यकीय मदत घ्यावी. चिमटी नीट असूनही रक्त घशात सतत उतरत राहिले, तर ते मागच्या रक्तवाहिनीचे असू शकते. तिथपर्यंत बोटांचा दाब पोचत नाही.

रक्त थांबल्यावरही एक गोष्ट पाहायला सर विसरू देत नसत, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. मार लागल्यानंतर काही तासांत किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत नाक दोन्ही बाजूंनी चोंदले, आत फुगवटा आला आणि दुखणे वाढत गेले, तर पडद्याच्या आवरणाखाली रक्त साचलेले असू शकते. आतल्या कूर्चेला पोषण त्याच आवरणातून मिळते. ते तुटले की कूर्चा मरते आणि नाक बसते. म्हणून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला हवे. सकाळपर्यंत थांबू नये.

त्या दिवशी खेळ बंद, नाक शिंकरणे आणि टोकरणे बंद. घरी पाठवायच्या चिठ्ठीत रक्त केव्हा सुरू झाले, कोणत्या नाकपुडीतून आले, किती मिनिटे दाबले आणि मार लागला होता का, एवढे लिहायचे.